रात्रीत बॅटरी कोण पितं?

रात्री नीट चालत घरी आलेली स्कूटर सकाळी बटण दाबलं की नुसतं ‘टक्’ करते. काट्यावरचे दिवे क्षणभर लागतात आणि मंदावतात. गॅरेजवाला येतो, बॅटरीचं झाकण उघडतो, हॉर्न वाजवून बघतो आणि निकाल देतो : बॅटरी गेली. नवी बॅटरी बसते, दोन-तीन महिने बरे जातात आणि एका सोमवारी सकाळी पुन्हा तोच ‘टक्’. आता मात्र बॅटरीला दोष देणं अवघड जातं. नवी बॅटरी तीन महिन्यांत आपण होऊन मरत नाही. किल्ली बंद असताना गाडीतली कुठलीतरी वस्तू तिच्यातून रात्रभर करंट ओढत असते, आणि ती वस्तू सापडेपर्यंत कितीही बॅटऱ्या बदलल्या तरी त्या तशाच मरणार.

पूर्वी याचा एवढा त्रास जाणवत नसे. कार्बोरेटरच्या गाडीला किक मारली की काम व्हायचं. बॅटरी पार झोपलेली असली तरी बहुतेक गाड्या चालू व्हायच्या, आणि मालकाला वाटायचं की सेल्फ जरा कमजोर आहे, एवढंच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि दुचाकींमध्ये फ्युएल इंजेक्शन सर्रास झालं. आता पेट्रोलचा पंप विजेवर, किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणारा ईसीयू विजेवर. बॅटरी पुरेशी उतरली की किक मारूनही पंप चालत नाही, आणि काही नव्या स्कूटरना तर किकच नाही. जी गळती पूर्वी वर्षानुवर्षं खपून जायची ती आता गाडी दारात उभी करते.

ही गळती शोधायला गॅरेजची गरज नाही. तीनचारशे रुपयांचा साधा मल्टिमीटर, एक पाना आणि तासाभराचा निवांतपणा पुरतो. पण मीटर लावण्याआधी थोडा हिशेब हवा, कारण आकडा दिसला तरी तो जास्त की कमी हे हिशेबाशिवाय कळत नाही.

सव्वाशे सीसीच्या एखाद्या स्कूटरच्या बॅटरीवर 12V 4Ah असं छापलेलं असतं. चार अँपिअर-अवर म्हणजे ढोबळमानाने एक अँपिअरचा करंट चार तास, किंवा शंभर मिलिअँपिअरचा करंट चाळीस तास. कारच्या बॅटरीच्या मानाने ही साठवण फारच लहान आहे. कारची बॅटरी पस्तीस-चाळीस अँपिअर-अवरच्या पुढे असते. म्हणून कारमध्ये जी गळती आठवडाभर लक्षातही येत नाही ती स्कूटर एका रात्रीत पाडते.

किल्ली बंद असली तरी गाडी पूर्ण झोपलेली नसते. डिजिटल घड्याळ चालू असतं, ईसीयू आपली आठवण जपत असतो. हा खर्च रास्त आहे. मॉडेलनुसार तो एक मिलिअँपिअरच्या आतबाहेर असतो, फारतर दोन-चार. नेमकी मर्यादा त्या त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते. एक मिलिअँपिअरने चार अँपिअर-अवरची बॅटरी रिकामी व्हायला चार हजार तास, म्हणजे साडेपाच महिने लागतील. त्याआधी बॅटरी स्वतःच उतरेल. वीस मिलिअँपिअर असेल तर रात्रीचे बारा तास पाव अँपिअर-अवर खातील. हे चांगलं नाही, पण धडधाकट बॅटरी यानं एका रात्रीत पडत नाही. एका रात्रीत पडायची तर करंट शे-दीडशे मिलिअँपिअरच्या घरात हवा, किंवा बॅटरी आधीच निम्मी मेलेली हवी. ही दोन कारणं वेगळी करणं हे पहिलं काम.

साताऱ्यातल्या एका शिक्षकांची स्कूटर याचं चांगलं उदाहरण आहे. कास-यवतेश्वरच्या बाजूला पावसाळ्यात धुकं उतरतं, म्हणून सरांनी पुढे दोन एलईडी फॉगलाइट लावून घेतले होते. त्यानंतर काही महिन्यांनी जुनी बॅटरी गेली. ती तशीही दोन वर्षांची होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. नवी बसवली, तीही तीन महिन्यांत सोमवार-सोमवार दगा द्यायला लागली. “सर, हल्ली बॅटऱ्यांचा मालच असा येतो,” असं गॅरेजवाल्याने सांगितलं. आठवड्यातल्या इतर दिवशी गाडी कुरकुरत का होईना चालू व्हायची. शनिवारी दुपारी लावलेली सोमवारी सकाळी मात्र हमखास मेलेली. ही वेळापत्रकाची खूण महत्त्वाची आहे. जितका वेळ उभी तितकी उतरलेली, म्हणजे करंट सतत आणि सारख्या दराने जातो आहे.

पहिली चाचणी अगदी साधी आणि तिला करंट मोजावाही लागत नाही. बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण चार्ज केली. चार्जर काढल्यावर तासभर थांबलो, कारण चार्जिंगनंतर लगेच मोजलं तर व्होल्टेज फसवं जास्त दिसतं. मग मीटर डीसी व्होल्टच्या 20 वर ठेवून मोजलं : १२.७४. हा पूर्ण चार्ज झालेल्या चांगल्या बॅटरीचा आकडा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी १२.७१. म्हणजे बॅटरी स्वतः काही सांडत नव्हती. दुसऱ्या रात्री निगेटिव्ह जोडून ठेवली, तर सकाळी १२.२. बारा तासांत अर्ध्याच्या आसपास चार्ज गेलेला. पहिल्या रात्रीच बॅटरी ११.९ वर आली असती तर पुढचं सगळं काम वाचलं असतं : बॅटरीच खराब, बदला आणि विसरा. पण इथे बॅटरी सुटली आणि दोष गाडीच्या वायरिंगवर आला.

चार्जिंगही बघून घेतलं. इंजिन चालू करून थोडा अॅक्सिलरेटर दिला तेव्हा बॅटरीच्या टोकांवर १४.१ व्होल्ट आले. साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान काहीही आलं तर ठीक. इथे बारावरच अडकलं असतं तर गाडी बॅटरी भरतच नाही असा अर्थ, आणि तो निराळा आजार.

आता खरं मोजमाप. करंट मोजताना मीटर वाटेत बसवावा लागतो. निगेटिव्ह वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये तो टोलनाक्यासारखा उभा राहतो. बॅटरीतून निघालेला प्रत्येक मिलिअँपिअर परत येताना त्याच्यातूनच जातो. निगेटिव्ह बाजू निवडायचं कारण सुरक्षेचं आहे. गाडीची सगळी चॅसी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्हचा बोल्ट सैल करताना पाना चॅसीला टेकला तर शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात. निगेटिव्हला टेकला तर काहीच होत नाही.

मीटर आमचा तोच पिवळा, डीटी-८३० जातीचा, जो पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळतो. त्याला तळाशी तीन भोकं असतात. COM मध्ये काळी वायर कायम राहते. लाल वायर एरवी VΩmA मध्ये असते. ती काढून 10A मध्ये घातली आणि गोल बटण 10A वर फिरवलं. किल्ली बंद करून काढून घेतली. निगेटिव्ह वायर सोडवली, मीटरचं लाल टोक त्या वायरच्या मोकळ्या टोकाला आणि काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. हाताने धरण्यापेक्षा मगरचिमटे लावणं बरं, कारण हात हलला की संपर्क तुटतो आणि ईसीयू पुन्हा जागा होऊन आकडा उगाच वर उडतो.

सुरुवात 10A नेच करायची. करंट किती आहे हे माहीत नसताना थेट छोट्या रेंजवर गेलं आणि तो जास्त निघाला तर मीटरमधला फ्यूज उडतो. फ्यूज उडाला की मीटर त्या रेंजवर ०.०० दाखवतो, आणि आपण ‘गळती नाही’ म्हणून मोकळे होतो. ही या कामातली सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. 10A वर ०.१५ आणि छोट्या रेंजवर शून्य असं दिसलं तर गाडी नाही, मीटरचा फ्यूज तपासायचा. आणखी एक पथ्य : मीटर मध्ये असताना किल्ली चालू करायची नाही आणि सेल्फ तर अजिबात मारायचा नाही. सेल्फ कित्येक पट जास्त, दहा-वीसच्याही पुढे अँपिअर ओढतो. मीटर तो पेलत नाही.

वायर टेकवताच आकडा क्षणभर उसळला आणि स्थिर झाला : ०.१५ अँपिअर. दोनेक मिनिटं थांबूनही तो उतरला नाही. स्मार्ट कीच्या गाड्यांत झोपायला जरा जास्त वेळ लागतो, तिथे आणखी थांबावं लागतं. 10A रेंजवर शेवटचा अंक शतांश अँपिअरचा, म्हणजे दहा मिलिअँपिअरपेक्षा बारीक काही दिसत नाही. दीडशे ठीक दिसतात, पण एक मिलिअँपिअर आणि नऊ मिलिअँपिअर यांत फरक कळत नाही. म्हणून लाल वायर VΩmA मध्ये परत घातली आणि बटण 200m वर आणलं. हे करताना वाट तुटू नये म्हणून आधी चिमट्याच्या एका सुट्या वायरने बॅटरीचं टोक आणि निगेटिव्ह वायर थेट जोडून ठेवली, मीटर बदलून जोडला आणि मग ती सुटी वायर काढली. आकडा आला १४६.४.

हिशेब लगेच जुळला. १४६ मिलिअँपिअर गुणिले बारा तास म्हणजे पावणेदोन अँपिअर-अवर, चारपैकी. शनिवारी दुपारी दोनपासून सोमवारी सकाळी सातपर्यंत एक्केचाळीस तास होतात. तेवढ्यात सहा अँपिअर-अवर जायला हवेत, आणि बॅटरीत आहेत चारच. सरांचा ‘सोमवारचा आजार’ इतका सरळ होता. शाळेच्या रोजच्या छोट्या फेरीत रात्रीचा खर्च भरून निघत नसे, त्यामुळे बॅटरी कायम अर्धवट राहायची. शिसे-आम्लाची बॅटरी अशी रिकामी पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि साठवण कायमची कमी होते. जुनी बॅटरी म्हातारपणाने गेली असं सगळ्यांना वाटलं होतं. बहुधा तिचाही घात यानेच केला असावा.

करंट किती हे कळलं. कुठे जातो हे बाकी होतं. कारमध्ये एकेक फ्यूज काढत जातात आणि आकडा कुठे पडतो ते बघतात. दुचाकीत फ्यूज दोन-तीनच असतात, त्यामुळे ही पद्धत पुरेशी बारीक नाही, पण एक मोठा निवाडा मात्र ती करून देते. कंपनीचं बहुतेक वायरिंग मेन फ्यूजमधून जातं. बाहेरून लावलेल्या वस्तू मात्र बहुतेक वेळा थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हवर घेतलेल्या असतात, स्वतःचा वेगळा फ्यूज असला तर असला. म्हणून मेन फ्यूज काढला आणि आकडा पडला तर चोर कंपनीच्या वायरिंगमध्ये. आकडा तसाच राहिला तर चोर बाहेरून आलेला.

मेन फ्यूज काढला. आकडा १४६.४ वरून १४५.५ झाला. कंपनीची सगळी गाडी मिळून खाते ०.९ मिलिअँपिअर, अगदी रास्त. उरलेला सगळा करंट फ्यूजला वळसा घालून जात होता.

बॅटरीच्या पॉझिटिव्ह बोल्टखाली कंपनीच्या वायरशिवाय आणखी एक लाल वायर होती; तिच्यात काळ्या प्लास्टिकच्या नळीत एक पट्टीचा फ्यूज. ती फॉगलाइटची. तो फ्यूज ओढला आणि मीटर शून्यावर आला. पण फॉगलाइट तर बंद होते! हँडलवरचं बटण बंद, दिवे विझलेले, सरांनी रोज रात्री नीट तपासलेले. एलईडी दिवा विझलेला असताना दीडशे मिलिअँपिअर ओढत नाही. मग वायर धरून पुढे गेलो. ती पुढच्या पॅनेलच्या आत शिरत होती. पॅनेल काढल्यावर टेपमध्ये गुंडाळलेला इंचभर चौकोनी काळा डबा दिसला : रिले. फ्यूज पुन्हा घातला तेव्हा त्यातून ‘टिक’ असा बारीक आवाज आला, आणि तो आवाजच गुन्ह्याची कबुली होती. दिव्याचं बटण बंद असताना रिलेने टिक करायला नको.

रिले म्हणजे विजेने चालणारं बटण. आत तारेची एक गुंडाळी असते. तिच्यातून थोडा करंट गेला की ती चुंबक होऊन एक पट्टी ओढते आणि त्या पट्टीतून मोठा करंट दिव्यांकडे जातो. फायदा असा की हँडलवरच्या नाजूक बटणातून दिव्यांचा भारी करंट न्यावा लागत नाही. रिलेच्या तळाशी पिनांवर आकडे छापलेले असतात : ८५ आणि ८६ ही गुंडाळीची दोन टोकं, ३० वर बॅटरीकडून येणारी वायर, ८७ वर दिव्यांकडे जाणारी. रीतसर जोडणीत ८६ ला येणारी वायर किल्लीनंतरच्या जागेवरून, हँडलवरच्या बटणातून यायला हवी. म्हणजे किल्ली बंद केली की गुंडाळी मेली, रिले सुटला, सगळं बंद.

इथे दिवे बसवणाऱ्याने ८६ आणि ३० रिलेच्या तळाशीच एका तुकड्याने जोडून टाकले होते, आणि हँडलचं बटण ८७ नंतर, दिव्यांच्या वाटेत घातलं होतं. दिवे लागायचे, विझायचे, सगळं छान. पण गुंडाळी रात्रंदिवस चालू. खरं तर त्या जोडणीत रिलेला कामच नव्हतं. दिव्यांचा सगळा करंट हँडलच्या बटणातूनच जात होता. असं का केलं असेल? किल्लीनंतरची वायर शोधायला दहा मिनिटं लागतात आणि एक पॅनेल जास्त काढावं लागतं, एवढंच.

रिले सॉकेटमधून काढून ८५ आणि ८६ मधला रोध मोजला : ८५ ओहम. बॅटरीचे १२.४ व्होल्ट भागिले ८५ म्हणजे ०.१४६ अँपिअर. मीटरने दाखवलेला आकडा आणि हा आकडा एकच. असा मेळ बसला की शोध संपला असं समजावं. नुसता फ्यूज काढून करंट थांबला तर त्या फांदीवर काहीतरी आहे एवढंच सिद्ध होतं. पण ती वस्तू किती ओढते हे वेगळं मोजून एकूण गळतीशी ताडून पाहिलं की दुसरा चोर शिल्लक नाही याची खात्री होते. कधीकधी दोन असतात.

रिले हाताला कोमट लागत होता. सकाळी सातला, रात्रभर उभ्या असलेल्या गार गाडीत. पावणेदोन वॉट त्या छोट्या डब्यात जळत असल्यावर दुसरं काय होणार? मीटर नसेल तरी ही खूण उपयोगी आहे : पहाटे गाडी चालू करण्याआधी बाहेरून लावलेल्या प्रत्येक वस्तूवर हात ठेवून बघा. आणि रिले एकदा ओढला गेला की तो सहजी सुटत नाही. पट्टी ओढायला सहा-सात व्होल्ट लागत असतील, पण ओढलेली धरून ठेवायला त्याच्या कितीतरी कमी पुरतात. म्हणजे बॅटरी पार मरेपर्यंत तो तिला सोडत नाही.

दुरुस्ती सोपी होती. ३० आणि ८६ मधला तुकडा काढला. किल्लीनंतरची वायर मीटरने शोधली : काळं टोक चॅसीला, लाल टोक संशयित वायरला, किल्ली बंद असताना शून्य आणि चालू केल्यावर बारा व्होल्ट दाखवते ती आपली. वायरच्या रंगावर भरवसा ठेवू नये. काळी म्हणजे निगेटिव्ह अशी घरगुती सवय असते, पण होंडाच्या गाड्यांत काळी वायर ही किल्लीनंतरची पॉझिटिव्ह असते आणि अर्थिंगची वायर हिरवी. ती वायर हँडलच्या बटणातून ८६ ला नेली, ८७ थेट दिव्यांना जोडली, ८५ चॅसीला होतीच. मीटर पुन्हा निगेटिव्हच्या वाटेत लावला आणि 20m रेंजवर आकडा बघितला : ०.९.

प्रत्येक गाडीत रिलेच असतो असं नाही. मेन फ्यूज काढल्यावर आकडा पडला असता तर पहिला संशय रेग्युलेटर-रेक्टिफायरवर घेतला असता. इंजिनवरच्या कॉइलमध्ये तयार होणारी उलटसुलट वीज एकाच दिशेची करून बॅटरीला देणं हे त्याचं काम. त्याच्या आतला एखादा डायोड शॉर्ट झाला की वाट उलटी उघडते, आणि इंजिन बंद असताना बॅटरीचा करंट कॉइलमधून चॅसीकडे वाहायला लागतो. त्याचा कपलर ओढला आणि आकडा धाडकन पडला तर तोच. हा भाग चांगलाच तापतो, म्हणून त्याचा कपलर जळका किंवा पिवळा पडलेला आहे का तेही बघावं. एक मात्र लक्षात ठेवायचं : काही गाड्यांत रेग्युलेटरची वायर मेन फ्यूजच्या अलीकडे जोडलेली असते, त्यामुळे फ्यूजच्या चाचणीत तो निर्दोष सुटतो. कपलर ओढून बघणं हाच खरा पुरावा.

जीपीएस ट्रॅकर वेगळ्या तऱ्हेचा चोर आहे. तो झोपलेला असताना दोन-पाच मिलिअँपिअर खातो आणि मधूनच जागा होऊन माहिती पाठवताना आकडा उसळतो. म्हणून एक नजर टाकून मीटर काढू नये. दहा-पंधरा मिनिटं समोर बसून राहावं. सेकंड हँड गाडीत आधीच्या मालकाने लावलेला ट्रॅकर नव्या मालकाला माहीतही नसतो. मोबाइल चार्जिंगचं सॉकेट थेट बॅटरीवर घेतलं असेल तर त्यातला तो निळा दिवा आणि आतलं सर्किट मिळून दिवसरात्र थोडं थोडं पितात. कोकणात पावसाळ्यात आणखी एक प्रकार होतो : कपलरमध्ये पाणी शिरून पिनांवर हिरवा थर चढतो आणि शेजारच्या दोन पिनांमध्ये वाट तयार होते. ही गळती ऊन पडलं की कमी होते आणि पाऊस आला की परत येते. ती शोधायची तर ओल्या दिवशीच मोजावं लागतं. कोरड्या दिवशी मीटर लावून काही सापडत नाही.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. मीटर दाखवतो तो त्या क्षणाचा करंट. तुम्ही मोजत असताना वस्तू गप्प बसली तर ती सापडणार नाही, आणि गळती दोन-तीन मिलिअँपिअरचीच असेल तर स्वस्त मीटरच्या आकड्यावर फार विसंबू नये. वायरभोवती अडकवायचा साधा क्लॅम्प मीटर तर इथे उपयोगाचा नाही. तो बहुतेक घरातली एसी वीजच मोजतो. आणि एक चूक कधीच करायची नाही : लाल वायर 10A मध्ये असताना दोन्ही टोकं बॅटरीच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हवर टेकवू नयेत. त्या रेंजवर मीटर म्हणजे जाड तारच. बॅटरी थेट शॉर्ट होते. काम संपलं की लाल वायर लगेच VΩmA मध्ये परत घाला, म्हणजे पुढच्या वेळी व्होल्टेज मोजताना विसरायला जागा राहणार नाही.

फॉगलाइट, हॉर्न, चार्जर, अलार्म, ट्रॅकर, जे काही बसवून घ्याल, ते बसवून झालं की पैसे देण्याआधी बसवणाऱ्याला सांगा : दादा, किल्ली बंद करून निगेटिव्हला मीटर लावून दाखवा. आकडा आधी होता तेवढाच, एक-दोन मिलिअँपिअरवर असेल तर पैसे द्या. जास्त असेल तर वायर परत काढायला लावा.